तोंडी ठराव आणि ई-मेलची नोंद : डोंबिवलीतील एका गच्चीच्या निमित्ताने

तोंडी ठरलेला करार हा कायद्याच्या दृष्टीने करारच असतो, ही गोष्ट विधिशाखेच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शिकविली जाते आणि व्यवहारात पडल्यावर तो ती पहिल्या वर्षीच विसरतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने करारास लेखाची सर्वसाधारण अट घातलेली नाही. ज्या व्यवहारांना दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेख, साक्षीदार किंवा नोंदणी आवश्यक केली आहे, तेवढेच व्यवहार दहाव्या कलमाने बाजूस ठेवले आहेत. बाकी सर्व ठिकाणी दोन शहाण्या माणसांनी समोरासमोर बसून किंवा दूरध्वनीवरून जे ठरविले ते बंधनकारक असते. अडचण उभी राहते ती बंधनाविषयी नव्हे, तर नेमके काय ठरले याविषयी.

या अडचणीचे एक प्रसिद्ध उदाहरण विदर्भातील आहे. खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी ऑइल मिल्सने सरकीची पेंड पुरविण्याचे २२ जुलै १९५९ रोजी दूरध्वनीवरून कबूल केले आणि नंतर पुरविली नाही, अशी अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीची तक्रार होती. पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात दाखल केला. खामगावकरांचे म्हणणे असे की, स्वीकृती आम्ही खामगावात बोललो, म्हणून करार खामगावात झाला आणि दावाही तेथेच चालावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताने ठरविले की, दूरध्वनीवरील करार स्वीकृती जेथे ऐकू येते तेथे होतो, न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. करार कायद्याच्या अभ्यासकांस हा निर्णय स्वीकृतीच्या स्थळासंबंधी परिचित आहे. येथे त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. दूरध्वनीवर करार होऊ शकतो याविषयी त्या खटल्यात कोणाचाच वाद नव्हता. तथापि सौदा १९५९ चा आणि निर्णय १९६५ चा. एवढ्या काळात फक्त दावा कोठे चालावा याचा निकाल लागला होता. पेंड किती, कधी आणि कोणत्या बोलीवर ठरली, हा मूळ प्रश्न अजून पुढेच होता.

त्या काळच्या पेढ्यांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. तारेने किंवा दूरध्वनीने सौदा ठरला की, त्याच मजकुराचे पुष्टिपत्र टपालाने पाठविण्याचा परिपाठ होता. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पुष्टिपत्राचे काम आता ई-मेलकडे आले आहे. परंतु टपालाच्या पुष्टिपत्रामागे मुनीम, जावक नोंदवही आणि पेढीची शिस्त असे. ई-मेल मात्र कोणीही, कोठूनही, दोन ओळींत पाठवितो, आणि पाठविला म्हणजे आपली बाजू पक्की झाली असे मानतो. ही समजूत कितपत खरी आहे हे एका घटनेच्या आधारे पाहणे सोयीचे होईल. घटना कल्पित आहे. परंतु ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील गृहनिर्माण संस्थांच्या व्यवहाराशी ज्याचा संबंध आला आहे त्यास ती अपरिचित वाटू नये.

डोंबिवली पूर्वेस चार मजल्यांची एक जुनी इमारत आहे. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील घरे गळतात. संस्थेच्या व्यवस्थापक समितीने गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करून घेण्याचा ठराव केला आणि ठाण्यातील नौपाड्याच्या एका कंत्राटदारास बोलाविले. शनिवार, १८ एप्रिल रोजी दुपारी संस्थेच्या कार्यालयात अध्यक्ष, सचिव आणि कंत्राटदार यांचे तासभर बोलणे झाले. गच्ची ३,२०० चौरस फूट, दर चौरस फुटास १५० रुपये, म्हणजे एकूण ४,८०,००० रुपये; काम पावसापूर्वी पुरे व्हावयाचे. चहा झाला, हातात हात दिले गेले. त्या रात्री सचिवांनी पुढील ई-मेल पाठविला असता तर काय झाले असते ते प्रथम पाहू :

> आजच्या चर्चेप्रमाणे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम ४,८०,००० रुपयांत आपणांस देण्याचे ठरले आहे. कृपया काम लवकर सुरू करावे.

असे ई-मेल रोज जातात. यात खोटे काही नाही. परंतु ज्या गोष्टींविषयी पुढे भांडण होते, त्यांपैकी एकाही गोष्टीचा यात उल्लेख नाही. १८ टक्के जीएसटी या रकमेत धरला आहे की नाही? नसल्यास ८६,४०० रुपये वाढतात आणि आकडा ५,६६,४०० वर जातो. जुना कोबा फोडल्यावर निघणारा राडारोडा कंत्राटदार केवळ फाटकापर्यंत आणणार की वाहून नेणार? नव्या कोब्यावर कित्येक दिवस पाणी मारावे लागते. नळाला पाणी कमी आले तर टँकरचे पैसे कोणी द्यावयाचे? बैठकीत या तिन्ही गोष्टी बोलण्यात आल्या होत्या. लेखात मात्र फक्त आकडा उतरला, कारण आकडा सर्वांच्या ध्यानात होताच. जे विसरले जाण्याची भीती नाही तेवढेच लिहून ठेवणे, हा या प्रकारच्या ई-मेलचा नेहमीचा दोष होय.

या मौनाचा कायदेशीर परिणाम पुराव्याच्या कायद्यात स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ९४ व ९५ या कलमांनी जुन्या पुरावा कायद्याच्या ९१ व ९२ या कलमांची जागा घेतली आहे. कराराच्या अटी लेखात उतरल्या की त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही, हा त्यांतील मूळ नियम. परंतु त्याला जोडलेल्या परंतुकांपैकी एक असे सांगते की, ज्या बाबीविषयी लेख मुग्ध आहे आणि जी त्यातील अटींशी विसंगत नाही, त्या बाबीविषयीचा स्वतंत्र तोंडी करार सिद्ध करता येतो. लेख किती औपचारिक आहे याचा विचारही न्यायालय तेथे करते. म्हणजे दोन ओळींच्या ई-मेलने फक्त रकमेचे दार बंद केले, आणि राडारोडा, पाणी व करासारख्या इतर खर्चांची दारे सताड उघडी ठेवली. ‘राडारोडा फाटकापर्यंतच आणावयाचा असे ठरले होते’ असे कंत्राटदाराने शपथेवर सांगितल्यास तो लेखाच्या विरुद्ध बोलतो असे म्हणता येणार नाही. कामात काय नाही हेही लिहावे लागते, त्याचे कारण हेच आहे.

आता त्याच रात्री त्याच सचिवांनी लिहिलेला दुसरा ई-मेल पाहावा :

> विषय : गच्ची वॉटरप्रूफिंग – १८ एप्रिलच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टींची नोंद
>
> स.न.वि.वि. समितीच्या १२ एप्रिलच्या ठरावास अनुसरून आज दुपारी संस्थेच्या कार्यालयात आपण, अध्यक्ष आणि मी यांचे जे बोलणे झाले त्यात पुढील गोष्टी ठरल्या.
>
> जुना कोबा फोडणे, स्लॅब साफ करणे, नवा ब्रिकबॅट कोबा घालणे आणि कठड्याच्या सांध्यातील वाटा करणे हे काम आपले. मोजमाप ३,२०० चौरस फूट. दर चौरस फुटास १५० रुपये. जीएसटी त्यावर वेगळा. राडारोडा खाली आणून आवाराबाहेर योग्य ठिकाणी वाहून नेणे आपल्याकडे. पाणी व वीज संस्था देईल. टँकर लागल्यास त्याचा खर्च संस्थेचा. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याची दुरुस्ती आणि सौर हीटर हलविणे या कामात येत नाही. काम ३१ मेपर्यंत पुरे करून ७२ तास पाणी साठवून चाचणी द्यावयाची आहे.
>
> जुन्या कोब्याची जाडी सहा इंच धरली आहे. अधिक निघाल्यास पुढे फोडण्यापूर्वी उभयतांनी पाहून वाढीव दर लेखी ठरवावयाचा आहे.
>
> हमीविषयी बोलणे झाले, परंतु ठरले नाही. आपण पाच वर्षे म्हणालात. समितीची अपेक्षा दहा वर्षांची आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ही बाब मिटवू.
>
> यात काही चुकले किंवा राहिले असल्यास बुधवार, २२ एप्रिलपर्यंत कळवावे. बरोबर असल्यास तसे उत्तर पाठवावे. त्यानंतर आगाऊ १,२०,००० रुपये बँकेतून पाठविण्यात येतील.

या लेखातील ‘वाटा’ म्हणजे गच्ची आणि कठडा जेथे मिळतात तेथे केलेली गोलाई. गळती बहुधा त्याच सांध्यातून सुरू होते. म्हणून हा एक शब्द लिहिला गेला नसता तर ३,२०० चौरस फुटांचे काम चोख होऊनही घरे गळत राहिली असती, आणि ‘वाटा धरला नव्हता’ हे उत्तर मिळाले असते. कामाची व्याप्ती लिहिताना ‘संपूर्ण काम’, ‘आवश्यक ती सर्व दुरुस्ती’ असे व्यापक शब्द घालण्याचा मोह होतो. ते सर्व काही सांगतात असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पक्षास आपापला अर्थ त्यात भरण्याची सोय होते. कारागिराच्या तोंडचा नेमका शब्द वापरावा, हे अधिक सुरक्षित.

हमीसंबंधीचा परिच्छेद विशेष लक्ष देण्याजोगा आहे. पुष्टीच्या ई-मेलने झालेल्या बोलण्याची नोंद करावयाची असते. न झालेली बोली त्यात शिरवावयाची नसते. सचिवांनी ‘हमी दहा वर्षे’ असे लिहून टाकले असते तर तो ई-मेल नोंद न राहता त्या अंशापुरता नवा प्रस्ताव झाला असता, आणि प्रस्तावास स्वीकृती लागते. शिवाय एका बाबीत अधिक लिहिले असे दाखविता आले की, बाकीच्या नोंदीवरील विश्वासही डळमळतो. न ठरलेली गोष्ट ‘ठरली नाही’ म्हणून लिहिल्याने उरलेल्या ओळींना वजन येते. चतुर माणसास हे जड जाते.

येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. समजा, कंत्राटदाराने उत्तरच दिले नाही. २२ एप्रिल उलटून गेली. आता या ई-मेलची किंमत काय? ‘अमुक तारखेपर्यंत हरकत न आल्यास मान्य समजू’ असे वाक्य घालण्याची प्रथा पुष्कळ कचेऱ्यांत आहे; परंतु केवळ मौन म्हणजे स्वीकृती नव्हे, आणि समोरच्याच्या मौनाला स्वतःच्या इच्छेने स्वीकृतीचा अर्थ चिकटविण्याचा अधिकार कोणासही नाही. आपण घोड्याविषयी उत्तर दिले नाही तर तो आपला झाला असे समजतो, असे पुतण्यास कळविणाऱ्या काकाचा १८६२ सालचा इंग्रजी खटला विद्यार्थ्यांस ठाऊक असतोच. तेव्हा उत्तर न आलेला ई-मेल हा उभयपक्षी लेख होत नाही.

परंतु तो निरर्थकही होत नाही, आणि येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. येथील ई-मेलने करार करावयाचा नाही. करार बैठकीत झालाच आहे. ई-मेल हे त्या कराराविषयी, तो झाल्यावर काही तासांत केलेले निवेदन आहे. घटना घडली त्याच सुमारास केलेले पूर्वीचे निवेदन साक्षीदाराच्या पुढील साक्षीला पुष्टी देण्यासाठी वापरता येते, हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे. त्या ‘सुमारास’ या शब्दावर बरेच अवलंबून आहे. शनिवारी रात्री, वाद नसताना, समोरच्या पक्षालाच पाठविलेली नोंद एक गोष्ट सांगते; जुलैत घर गळू लागल्यावर ‘एप्रिलमध्ये असे ठरले होते’ म्हणून लिहिलेला ई-मेल दुसरीच. दुसऱ्यात केवळ तक्रार असते.

मौनास अर्थ येतो तो पुढील वर्तनाने. करार कायद्याचे आठवे कलम सांगते की, प्रस्तावातील अटी पार पाडणे किंवा प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला घेणे ही स्वीकृती होय. म्हणून सचिवांनी ई-मेल आधी आणि आगाऊ रक्कम नंतर, हा क्रम ठेवला आहे. उत्तर न देता कंत्राटदाराने १,२०,००० रुपये घेतले, माणसे पाठविली आणि कोबा फोडावयास प्रारंभ केला, तर त्याने कोणत्या अटींवर काम हाती घेतले याविषयी न्यायालयापुढे फारसा संदेह राहत नाही. रक्कम पाठविताना बँकेच्या शेऱ्यात ‘१८ एप्रिलच्या ई-मेलप्रमाणे आगाऊ’ एवढे शब्द लिहिल्यास दोन्ही कागद एकमेकांस बांधले जातात. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे बैठकीतच धनादेश देऊन ई-मेल चार दिवसांनी गेला, तर रक्कम स्वीकारण्याचा त्या ई-मेलशी संबंध जोडता येत नाही. व्यवहारात नेमके हेच अधिक घडते, कारण पैसे दिल्याशिवाय कंत्राटदार तारीख देत नाही.

उत्तर आले तर मात्र चित्र पालटते. ‘मान्य आहे’ या दोन शब्दांनी सचिवांची एकतर्फी नोंद दोघांचा लेख होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले १०-अ कलम सांगते की, प्रस्ताव वा स्वीकृती विद्युत्-स्वरूपात झाली, एवढ्याच कारणाने करार अमलात न येण्याजोगा ठरत नाही. मोठ्या व्यापारातही हे टिकले आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ट्रायमेक्स आणि वेदांता अ‍ॅल्युमिनिअम या कंपन्यांत ई-मेलने ठरला. औपचारिक करारपत्रावर सह्या होण्यापूर्वीच माघार घेतली गेली. सह्या झाल्या नाहीत म्हणून करारच झाला नाही, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये अमान्य केले आणि ई-मेलवरूनच आवश्यक अटी निश्चित झाल्याचे मानून वाद लवादाकडे सोपविला. यातील धडा दुधारी आहे. ‘करारपत्र नंतर करू’ असे मनात धरून ई-मेलवर सढळपणे होकार देणारासही तो बांधून ठेवतो. करारपत्र होईपर्यंत बांधले जावयाचे नसेल तर तसे ई-मेलमध्येच लिहावे लागते.

ई-मेल पोचला केव्हा आणि कोठे, याविषयी त्याच कायद्याचे १३ वे कलम आहे. पाठविणाराच्या नियंत्रणाबाहेरील संगणकव्यवस्थेत तो शिरला की पाठविला गेला. ज्यास पाठवावयाचा त्याने विशिष्ट पत्ता नेमून दिला असेल तर त्या पत्त्यावर शिरताच तो मिळाला असे धरले जाते. नेमलेला पत्ता सोडून दुसऱ्या पत्त्यावर पाठविल्यास, त्याने तो प्रत्यक्ष काढून घेतल्यावरच मिळाला असे होते. अनाहूत पत्रांच्या कप्प्यात पडला म्हणून मिळाला नाही, ही सबब नेमलेल्या पत्त्याच्या बाबतीत दुबळी ठरते. न नेमलेल्या पत्त्याच्या बाबतीत बळकट ठरते. तेव्हा बैठक संपताना ‘ई-मेल कोणत्या पत्त्यावर पाठवू?’ हा प्रश्न विचारून मिळालेले उत्तर ई-मेलमध्येच नोंदविणे शहाणपणाचे होय. पोच आणि स्वीकृती यांत मात्र गल्लत होऊ नये. ‘मिळाला’ म्हणणे निराळे आणि ‘मान्य’ म्हणणे निराळे. व्हॉट्सअ‍ॅपवरील निळ्या खुणा फार तर पहिल्या शब्दाचे काम करतात.

गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत पत्त्याचा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक आहे. सचिव बहुधा स्वतःच्या खाजगी पत्त्यावरून लिहितात. समितीची मुदत संपते, नवे सचिव येतात, आणि तीन वर्षांनी गच्ची पुन्हा गळू लागते तेव्हा १८ एप्रिलची नोंद जुन्या सचिवांच्या खाजगी पेटीत असते. ते कदाचित पुण्यास मुलाकडे राहावयास गेलेले असतात. कदाचित नव्या समितीशी त्यांचे बोलणेच उरलेले नसते. करार संस्थेचा आणि पुरावा व्यक्तीचा, अशी ही विचित्र अवस्था आहे. संस्थेच्या नावाचा स्वतंत्र पत्ता उघडून त्याचा परवलीचा शब्द दप्तराबरोबर नव्या समितीच्या स्वाधीन करणे, एवढ्याने ती टळते. ई-मेलमध्ये समितीच्या ठरावाचा उल्लेख आहे तोही याच विचाराने : सचिवांच्या शब्दाने संस्था बांधली गेली की नाही हा प्रश्न कंत्राटदारासही विचारता येतो, आणि कामाचे पैसे थकले की विचारला जातोच.

ई-मेल जपणे आणि तो न्यायालयात सिद्ध करणे यांतील अंतरही ध्यानात घ्यावयास हवे. पडद्याचे छायाचित्र काढून ते छापणे म्हणजे ई-मेल जपणे नव्हे. साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे विद्युत्-अभिलेखाची छापील प्रत दाखल करावयाची तर सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत असून एक भाग अभिलेख सादर करणाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. अभिलेखातील अक्षरन् अक्षर बदललेले नाही हे दाखविणारा हॅश हा गणिती ठसाही त्यात नोंदवावा लागतो. जुन्या कायद्याखालील अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधीच्या खटल्यात पक्की केली होती. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट निराळी, असेही त्यात म्हटले होते. म्हणून मूळ ई-मेल पेटीतून पुसू नये. तो दुसऱ्यास पुढे धाडून आपल्याकडील प्रत काढून टाकणे ही तर सर्वांत वाईट रीत, कारण पुढे धाडलेल्या प्रतीत मूळ पत्राच्या प्रवासाच्या नोंदी राहत नाहीत. आणखी एक मर्यादा आहे. ई-मेल जसा पाठविला तसाच पोचला असे न्यायालय गृहीत धरू शकते. परंतु तो अमुक व्यक्तीनेच पाठविला असे गृहीत धरीत नाही. ते स्वतंत्रपणे दाखवावे लागते, आणि तेथे पुन्हा बँकेचा शेरा, उत्तरातील तपशील व नंतरचे वर्तन हेच उपयोगी पडतात.

डोंबिवलीच्या गच्चीवर कंत्राटदाराचे उत्तर मंगळवारी आले. त्याने टँकरसंबंधीची ओळ मान्य केली. राडारोडा वाहून नेण्यास दोन दिवस अधिक मागितले. हमी सात वर्षे देऊ केली. समितीने ती घेतली आणि सचिवांनी तसे कळवून गुरुवारी आगाऊ रक्कम पाठविली. काम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी सहा इंचांखाली दुसराच जुना कोबा निघाला. पूर्वी कधी तरी गळती थांबविण्यासाठी जुन्या थरावरच नवा थर घातला गेला असावा. असे थर जुन्या इमारतींवर पुष्कळदा सापडतात. कंत्राटदाराने दूरध्वनी केला तेव्हा सचिव सकाळच्या जलद लोकलमध्ये दारात उभे होते. गर्दीत एवढेच बोलता आले : ‘करा, बघू.’

या दोन शब्दांचा अर्थ लावणे सोपे नाही. ‘करा’ ही वाढीव कामाची संमती, की मूळ दरातच पुढे जाण्याची सूचना? ‘बघू’ म्हणजे दर नंतर ठरवू, की देण्याचे नंतर पाहू? दर न ठरता काम झाले असते तर कंत्राटदारास करार कायद्याच्या ७० व्या कलमाचा आधार घ्यावा लागला असता : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ संस्थेने घेतला, म्हणून तिने भरपाई द्यावी. तो दावा उभा राहतो. परंतु किती रक्कम योग्य हे साक्षीपुराव्याने ठरवावे लागते, आणि तोवर राडारोडा गच्चीवरून गेलेला असतो, मोजावयास काही उरत नाही. पहिला ई-मेल लिहिण्याची गरज संस्थेस होती. आता ती कंत्राटदारास होती. त्याने काम थांबविले. तीन ठिकाणी खोदून दुसऱ्या थराची जाडी मोजली, फूटपट्टी धरून छायाचित्रे काढली, आणि अकराच्या सुमारास आधीच्याच पत्रव्यवहारात उत्तर म्हणून लिहिले : ‘सकाळच्या दूरध्वनीप्रमाणे. सहा इंचांखाली चार इंचांचा दुसरा थर आहे. तो फोडून वाहून नेण्यासाठी चौरस फुटास २२ रुपये, जीएसटी वेगळा. मुदत चार दिवसांनी वाढेल. मान्य असल्यास कळवावे. तोवर दुसऱ्या थरास हात लावलेला नाही.’ सचिवांनी दुपारी समितीच्या सदस्यांस विचारले. संध्याकाळी १८ रुपयांचे उत्तर गेले, रात्री २० वर दोघांचे ‘मान्य’ आले. दुसऱ्या दिवशी सकाळी घण पुन्हा वाजू लागले.